पोटात चूल असलेली गाडी

आमच्या घरात तीन धर्म आहेत. सासरे, म्हणजे आबा, अमळनेरच्या एका तेलगिरणीत आयुष्यभर बॉयलर सांभाळत होते. त्यांचा देव वाफ. नवऱ्याचं जळगावात ई-रिक्षांचं दुकान आहे. त्यांचा देव बॅटरी. आणि मी जळगावातल्याच एका तांत्रिक संस्थेत मोटर मेकॅनिक शिकवते, त्यामुळे माझ्या हाताला, ओढणीला आणि कधीकधी आमटीलाही पेट्रोलचा वास येतो असं दोघांचं एकमत आहे. बाकी कशावरही त्यांचं एकमत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता संस्थेला एक गाडी भेट मिळाली. एका जुन्या व्यापारी घराण्याच्या गोदामात ती सरकीच्या पोत्यांमागं पडून होती. शंभर वर्षांहून जुनी, एका सिलिंडरची, दोन माणसं बसतील एवढी. सायकलीची वाटावीत अशी बारीक चाकं आणि इंजिन फिरवून सुरू करायचं, पुढं लोंबणारं हँडल. टेंपोतून उतरवली तेव्हा मुलं हसली. मी हसले नाही. मी ओढणीच्या टोकानं तिच्या टाकीवरची धूळ पुसायला घेतली.

प्राचार्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीचं शैक्षणिक साहित्य कसं होईल याच काळजीत असलेला. ते म्हणाले, "मॅडम, हिचा छेद घेऊ. इंजिन मधोमध कापायचं, आतला भाग लाल-पिवळा रंगवायचा. मुलांना चारही स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चारही चाली, दिसतील."

"सर, जिवंत गाडी कापायची?"

"जिवंत कुठाय?"

व्यवस्थापन समितीचा ठरावसुद्धा झाला: गाडी छेदासाठी फिटर विभागाकडं द्यावी. मी भांडले. माझं भांडण कसं असतं हे संस्थेला ठाऊक आहे, त्यामुळं त्यांनी लवकर आटोपतं घेतलं. ठरलं असं की खंडेनवमीला संस्थेत हत्यारांची पूजा होते, समितीची माणसंही येतात. त्या दिवशी गाडी स्वतःच्या जोरावर वर्कशॉपपासून फाटकापर्यंत जाऊन परत आली तर तिला हात लावायचा नाही. नाही आली, तर दसऱ्यानंतर करवत. माझ्या हातात सहा आठवडे होते.

घरी सांगितलं तर आबा खुदकन हसले. "पोरी, ते काय इंजिन शे? इंजिन म्हंजे वाफनं." मग नेहमीचं सुरू झालं. वाफेच्या इंजिनात चूल बाहेर असते. बाहेर आग, आगीवर पाणी, पाण्याची वाफ, आणि ती वाफ सिलिंडरमधल्या दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, ढकलते. आग आणि काम वेगवेगळ्या खोल्यांत. "आनि तुन्या गाडीमा?" आबा विचारत. माझ्या गाडीत चूल पोटातच. हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्येच घ्यायची, तिथंच पेटवायची, तिथंच धूर करायचा. आबांना हे घाणेरडं वाटतं. स्वयंपाकघरात जेवावं, पण चुलीत बसून जेवू नये, असं त्यांचं म्हणणं.

नवऱ्याचं दुसरंच. ते मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले, "त्या काळी मोठ्या शहरांत विजेच्या गाड्या चांगल्या चालायच्या. आवाज नाही, धूर नाही, हँडल मारून मनगट मोडायला नको. तुमच्या पेट्रोलवाल्यांना कुणी विचारत नव्हतं."

"मग हरलात कसे?"

"हरलो कुठं? आत्ता बघ की रस्त्यावर."

हे उत्तर नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून ते चहा करायला उठले.

पहिले तीन आठवडे मी नुसती साफसफाई केली. पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटलेला होता; त्यात तेल सोडून रोज थोडं थोडं हलवत राहिले. आबा एक दिवस डबा द्यायला म्हणून आले आणि संध्याकाळपर्यंत गेलेच नाहीत. वाफेच्या दट्ट्याला दोरीची पॅकिंग कशी भरायची हे ज्या बोटांना चाळीस वर्षं ठाऊक आहे, त्या बोटांनी पाण्याच्या पंपाची पॅकिंग भरली. पिस्टन, दांडा, फ्लायव्हीलचं जड चाक बघून ते म्हणाले, "हाई तं बठ्ठं आमनंच शे." आणि खरंच होतं. गोल घासलेला सिलिंडर, त्यात नेमका बसणारा दट्ट्या, पुढंमागं होणारी चाल गोल फिरवणारा क्रँक, हे सगळं वाफवाल्यांनी आधीच शिकून ठेवलं होतं. पेट्रोलवाल्यांनी आयतं घेतलं. आबांचा चेहरा इतका खुलला की मला वाद घालावासा वाटला नाही.

खरा घोळ कार्बुरेटरनं घातला. त्यात एक छोटं भांडं असतं, आणि भांड्यात बुचाच्या लाकडाचा तरंगणारा तुकडा. पेट्रोल वाढलं की तो वर येऊन वाट बंद करतो, कमी झालं की खाली जाऊन उघडतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या चेंडूसारखंच. त्या भांड्यातून बारीक भोकावाटे हवा पेट्रोल ओढून घेते. मी पेट्रोल भरलं, दोन दिवस सगळं नीट होतं, तिसऱ्या दिवशी खाली डबकं. तरंगता तुकडा बुडाला होता. त्याच्यावरचा लाखेचा लेप निघून गेला होता आणि बुचानं पेट्रोल प्यायलं होतं.

मी डोक्याला हात लावून बसले. कुठलाही सुतार सांगेल, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिश त्याचंच करतात. आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणजे स्पिरिटच. गाडी बनवणाऱ्याला काय कल्पना, की त्याच्या पेट्रोलमध्ये पुढं कुणी उसाची आणि मक्याची दारू मिसळणार आहे.

पितळी पोकळ तुकडा बनवायला हवा होता. कागदाइतक्या पातळ पत्र्याचा, कुठं टाचणीएवढंही भोक नको, आणि वजन कोरड्या बुचाइतकंच. लेथवाल्यांनी हात जोडले. मग मला सुचलं, अगं वेडे, तू जळगावात राहतेस. मी सराफ बाजारात गेले. एका गल्लीत पोकळ मणी करणारा कारागीर बसतो. त्याला बुचाचा तुकडा दाखवला.

"याचे कानातले, ताई?"

"नाही भाऊ, हे पेट्रोलमध्ये तरंगायला पाहिजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, तुकड्याकडं बघितलं, आणि काहीही न विचारता सोन्याच्या काट्यावर तो तोलला. दोन दिवसांत पितळेची डबी तयार. तुकडे झाळून जोडताना आतली गरम हवा सुटावी म्हणून त्यानं एक बारीक भोक ठेवलं होतं, आणि थंड झाल्यावर ते एका टिपक्यानं बंद केलं. माझ्यासमोर गरम पाण्यात बुडवून दाखवली. एक बुडबुडा नाही. "रत्तीभरसुद्धा फरक नाही," असं म्हणताना त्याची मान इतकी ताठ झाली की मी बाजारातून घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होते.

नवमीच्या पाच दिवस आधी इंजिन पहिल्यांदा बोललं. ठिणगीचं काम नवऱ्यानं केलं, मी न सांगता. लाकडी पेटीत एक कॉइल, तिच्यावर थरथरणारी पत्ती. बॅटरीचा प्रवाह आला की लोहचुंबक पत्तीला ओढतो, प्रवाह तुटतो, पत्ती सुटते, परत जोडला जातो. भुंग्यासारखा आवाज येतो आणि तिकडं सिलिंडरमधल्या प्लगवर ठिणग्या पडत राहतात. जुनी बॅटरी कधीच मेली होती. त्यांनी दुकानातून छोटी बॅटरी आणून बसवली आणि म्हणाले, "बघ, विजेशिवाय तुझी चूल पेटत नाही."

मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हँडलनं उलटा दणका दिला तो थेट मनगटात. चूक माझीच. स्टिअरिंगजवळ एक छोटी दांडी असते. सुरू करताना ती मागं घ्यायची, म्हणजे पिस्टन वर पोहोचल्यावरच ठिणगी पडते. मी ती पुढंच ठेवून विसरले होते. ठिणगी लवकर पडली, वर येणाऱ्या पिस्टनला आगीनं खाली ढकललं आणि सगळं उलटं फिरलं. मुलांना दर वर्षी सांगते, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलला मिठी मारू नका. निदान तेवढं मी स्वतः पाळलं होतं, म्हणून अंगठा वाचला. चौथ्यांदा दांडी मागं घेऊन मारलं आणि ठप्, ठप्, ठप् असा आवाज सुरू झाला. मी नाचले. खरंच नाचले, वर्कशॉपमध्ये, चाळिशी ओलांडलेली बाई. आबांनी टोपी काढून परत घातली.

आता खंडेनवमी. पूजा मीच मागून घेतली होती. आबांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की गिरणीत नवमीला बॉयलरला कसं सजवत: आगीच्या दाराला, दाब दाखवणाऱ्या काट्याला, झडपेला, जिथं जिथं काम होतं तिथं तिथं तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट. मी तसंच केलं. चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूची माळ घातली, आणि जिथं काम होतं तिथं बोट लावत सुटले. हँडलला, कार्बुरेटरला, फ्लायव्हीलला. कॉइलची पेटी उघडून पत्तीलासुद्धा. सगळ्यात जास्त काम तर तीच करते.

समिती आली. नारळ फुटला. प्राचार्य माझ्या शेजारच्या सीटवर बसले, कारण समितीनं सांगितलं होतं की कुणीतरी जबाबदार माणूस गाडीत पाहिजे. म्हणजे मी नव्हतेच. नवऱ्यानं हँडल मारलं. काही नाही. परत मारलं. काही नाही. दहा वेळा. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला. समितीतले एकजण घड्याळाकडं बघून म्हणाले की फिटर विभागाला उद्या सुट्टी आहे, परवा घेता येईल. परवा म्हणजे करवत.

नवरा हँडल सोडून पेटीजवळ कान लावून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "भुंगा बोलत नाहीये."

पेटी उघडली. पत्तीवर माझ्याच बोटाचा लालभडक टिळा. तेल आणि कुंकू, दोन्ही संपर्काच्या टोकांमध्ये. प्रवाह जाणार कसा? लोखंडी बॉयलरला टिळ्यानं काही होत नाही, पण केसाएवढ्या फटीत काम करणाऱ्या विजेला एवढं कुंकू म्हणजे भिंतच. मी भक्तीनं गाडीची वाचा बंद केली होती. नवऱ्यानं खिशातून बारीक पॉलिश पेपर काढून ती टोकं पुसली, तोंडातून एक शब्द न काढता. माझ्या लग्नातली ही सर्वांत मोठी मेहरबानी. भुंगा गुणगुणला. एका हँडलात इंजिन सुरू झालं.

आणि मग आम्ही निघालो. चालत्या माणसाहून थोडं जोरात, पण प्राचार्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली होती. मी ठिणगीची दांडी हळूहळू पुढं घेतली. इंजिन पळायला लागलं की आगीला पसरायला वेळ कमी मिळतो, म्हणून ठिणगी आधी द्यावी लागते. ठप्-ठप् चा ठपठप झाला. मागून दुकानातल्या ई-रिक्षात आबा, नवरा आणि माझ्या वर्गातल्या चार मुली, टाळ्या वाजवत. फाटक आलं.

"वळू का, सर?"

प्राचार्य वाऱ्यानं उडणारे केस सावरत म्हणाले, "थांबू नका. पुढं घ्या."

आता मी काय सांगू. संस्थेमागचा शिवाररस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि माझ्या शेजारी एक प्राचार्य जे वर्गात खडूसुद्धा मोजून देतात, ते हसत होते. नुसते हसत होते. मीही हसायला लागले. एक शेतकरी मोटरसायकल थांबवून बघत राहिला, त्याला प्राचार्यांनी हात हलवला. तेव्हा इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

पेट्रोल संपलं होतं. आगीची भीती म्हणून प्राचार्यांनीच लेखी सूचना दिली होती: अर्ध्या लिटरपेक्षा जास्त भरू नये. ते लिहिलेलं त्यांना आता आठवलं आणि हसू मावळलं. "मॅडम, समिती फाटकात उभी आहे. दोरी बांधून ओढत आणली तर मी काहीच बोलू शकणार नाही. ठराव झालेला आहे."

ई-रिक्षा मागून येऊन थांबली. तिनं सकाळपासून पूजेच्या लोकांना ने-आण केलेली, चार्जची शेवटची एकच रेघ उरलेली. नवरा त्या रेघेकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. परत संस्थेत पोहोचली तरी पुरे होतं. मग चार्जिंगला लावली की दिवस गेला.

आबा उतरले, कमरेवर हात ठेवून रिकाम्या रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मनं बॉयलर ऱ्हातं तं पानी आनाले विहिर धुंडनी पडती, मंग अर्धा तास जाळ." मग म्हणाले, "चाळीस वरीस मी बठ्ठासना पहिले उठनू, सूनबाई. वाफ व्हवाले टाइम लागस." सगळ्यांआधी उठण्याचं हे ते हसत म्हणाले, पण मी पहिल्यांदा त्यांना वाफेची तक्रार करताना ऐकत होते.

वळणावर एक किराणा दुकान होतं. दारात, बिस्किटांच्या बरण्यांशेजारी, पाण्याच्या बाटल्यांमध्ये भरलेलं पेट्रोल. असं विकू नये, कायद्यात बसत नाही, हे मी वर्गात सांगते. त्या दिवशी मी धावत गेले आणि एक बाटली घेऊन आले. टाकीत ओतायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मी ओतत होते आणि माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणून जिंकलं काय पेट्रोल?"

म्हणूनच, बरंचसं. पहिली पेट्रोलची गाडी आवाज करणारी, थरथरणारी, मनगट मोडणारी होती. वाफेची तिच्यापेक्षा गुळगुळीत आणि विजेची तिच्यापेक्षा शहाणी. पण विजेची गाडी दिवे असलेल्या शहराबाहेर गेली की अनाथ, आणि शिशाच्या जड बॅटऱ्या स्वतःच वाहून दमलेली. वाफेची थांबून थांबून पाणी मागणारी. पेट्रोल मात्र दुकानात डब्यातून मिळायचं, आणि त्या एका डब्यात गाव ओलांडण्याइतकी ताकद. मग गावागावांतले रस्ते सुधारले, तेलाच्या विहिरी वाढल्या, गाड्या कारखान्यांत स्वस्तात बनायला लागल्या. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं. शेवटचा घाव तर विजेनंच घातला. पेट्रोलच्या गाडीत इंजिन सुरू करायला विजेची छोटी मोटर बसवली, हँडल गेलं, आणि विजेच्या गाडीची एक मोठी फुशारकी संपली. "आमच्याच मोटरनं आम्हाला बुडवलं," नवरा म्हणाले. ते चिडले नव्हते, आणि मला त्यांच्यावर इतकं प्रेम आलं की रस्त्यावर मुली होत्या म्हणून बरं.

प्राचार्य बाह्या सरसावून पुढं गेले. "मी मारतो हँडल. तुम्ही दांडी बघा." मी दांडी मागं घेतली, अंगठ्याचं सांगितलं. दुसऱ्या हँडलात सुरू. फाटकातून आत शिरताना त्यांच्या कपाळाला काळं लागलं होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

समितीनं टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला, आणि जाताना एकानं नेमका प्रश्न विचारला: गाडी कापायची नाही हे ठीक, पण मुलांना आत काय चालतं ते दिसणार कसं?

प्राचार्य माझ्याकडं बघायला लागले. मी ठिणगीचा खटका बंद केला, पेट्रोलची चावी बंद केली, इंजिन थंड होऊ दिलं. मग मुलींना रांगेत उभं केलं. "हँडल हळू फिरवा. जोरात नाही." पहिलीनं फिरवलं. मी सांगत गेले: आता पिस्टन खाली चाललाय, हवा आत ओढली जातेय, ऐका, झडप आपोआप चुक् करून उघडली. आता हात जड झाला ना? आत हवा दाबली जातेय. दाबली आणि सुटली, हँडल स्वतःच पुढं ढकललं गेलं. इथं ठिणगी असती तर हीच खरी ढकल. आता हलकं, धूर बाहेर. दोन फेऱ्यांत एकदाच काम. बाकीच्या तीन चाली फ्लायव्हील उधारीवर ओढून नेतं.

एकेक मुलगी फिरवत गेली. जड आलं की प्रत्येकीचा चेहरा बदलायचा. आबांनीही फिरवलं, आणि जड आलं तिथं थांबून मान डोलावली. शेवटी सगळे गेल्यावर प्राचार्य पुढं आले. त्यांनी हँडल धरलं, अंगठा बाजूला ठेवून, आणि सावकाश फिरवलं. दाबाशी आले. थांबले. परत मागं आणून परत तिथंच आले.

"वीस वर्षं हे फळ्यावर काढतोय," ते म्हणाले. "हाताला आज लागलं."

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतलं.